पहिला फुल लोड: ४०० जीबी आणि पणजीची लाइन

पणजीतल्या हॉटेलचा बुकिंगचा पोस्टग्रेस डेटाबेस मुंबईच्या सर्वरवर लॉजिकल रेप्लिकेशनने न्यायचा होता, म्हणजे आधी सगळी टेबलं एकदा पूर्ण कॉपी आणि मग पुढचे बदल. डिस्कवर ६०० जीबी, पण त्यातले २०० इंडेक्सचे, ते लाइनवरून जात नाहीत, तिकडे नव्याने बांधले जातात, म्हणून `pg_total_relation_size` सोडून `pg_table_size` बघितलं.

लाइन १०० एमबीपीएसची. कागदावर ४०० × ८००० ÷ १०० म्हणजे ३२,००० सेकंद, जेमतेम नऊ तास (८००० कारण जीबी बाइटमध्ये आणि लाइन बिटमध्ये). मॅनेजर खूश, म्हणाले एका रात्रीत उरकेल! पण माझा त्यावर भरवसा नव्हता, मी रात्री २० जीबीचं एक टेबल खरंच कॉपी करून बघितलं तर तास लागला, म्हणजे हाती फक्त ४४ एमबीपीएस. दोन टेबलं एकदम लावली तरी एकूण वेग तेवढाच, म्हणजे अडतेय ती लाइनच, जास्त वर्कर लावून फायदा नाही. झाले २० तास, वर इंडेक्सचे चार. शनिवारी रात्री ८ ते रविवारी रात्री ८ अशी वेळ मागितली.

तेवढा वेळ बुकिंग चालूच, त्यामुळे रेप्लिकेशन स्लॉट बदलांची नोंद, म्हणजे डब्ल्यूएएल, धरून ठेवतो, ताशी ३ जीबी धरले तर ७२ जीबी, डिस्कवर दीडशे मोकळे ठेवले.

आणि पावसात लाइट जाते हो. लाइन तुटली की चालू टेबल पहिल्यापासून कॉपी होतं, सगळ्यात मोठं १२० जीबीचं होतं, म्हणजे सहा तास पाण्यात. म्हणून सहा तासांची उशी ठेवली, सोमवारी पहाटे २ पर्यंत.