व्हेरिएबल सेपरेबल: अटीपासून ताळ्यापर्यंतची तयारी

बारावीच्या किंवा इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणितात व्हेरिएबल सेपरेबलची उदाहरणं सोडवायला बसताना इंटिग्रेशनची सूत्रं पाठ आहेत ना, एवढंच बहुतेक जण बघतात. सूत्रं लागतातच. पण उत्तर बिघडतं ते बऱ्याचदा इंटिग्रेशनच्या अलीकडे किंवा पलीकडे, म्हणून ही यादी त्या जागांवर जास्त रेंगाळते. सगळं एकाच उदाहरणावर बघू: dy/dx = 2xy², आणि अट अशी की x = 0 असताना y = 1/4.

लिहायला लागण्याआधी समीकरण खरंच वेगळं होतंय का, ते बघून घ्या. उजवी बाजू ‘फक्त x असलेला अवयव गुणिले फक्त y असलेला अवयव’ अशी मांडता आली पाहिजे. इथे 2x आणि y² सरळ दिसतात. xy + x + y + 1 मध्ये ते लपलेले असतात, पण अवयव पाडले की (x + 1)(y + 1) मिळतं आणि काम होतं. x + y मात्र कसंही फिरवलं तरी असं फुटत नाही. तिथे ही पद्धत चालणारच नाही, दुसरी धरावी लागेल. अवयव पाडायचा सराव कच्चा असेल तर आधी तो करा.

आता y² ने दोन्ही बाजूंना भागायचं. भागण्याआधी थांबून स्वतःला विचारा: y शून्य असेल तर? y = 0 ही स्थिर रेषा समीकरणात घालून बघा. डावीकडे शून्य, उजवीकडेही शून्य. म्हणजे तीसुद्धा एक उकल आहे, आणि भागाकार केला की ती हातातून निसटते. आपल्या अटीत y = 1/4 आहे, शून्य नाही. शिवाय 2xy² इतकं गुळगुळीत आहे की एका बिंदूतून दोन वेगळ्या उकली जात नाहीत, त्यामुळे आपली उकल y = 0 ला कुठेही शिवणार नाही आणि भागाकार बिनधोक आहे. पण अटच ‘x = 0 असताना y = 0’ अशी दिली असती तर इंटिग्रेशन करायचंच नव्हतं, y = 0 हेच उत्तर होतं. म्हणून कच्च्या कामात एक ओळ या तपासणीसाठी नेहमी ठेवा.

भागल्यावर (1/y²) dy = 2x dx असं लिहितो. dy आणि dx अपूर्णांकासारखे फोडलेले पाहून कोणाला खटकलं, तर त्यामागचा अर्थ असा: (1/y²)·(dy/dx) हे −1/y चं x च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह आहे, चेन रूलने. म्हणून दोन्ही बाजूंचं इंटिग्रेशन करून −1/y = x² + C मिळतं. डावीकडचं ऋण चिन्ह इथेच लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

स्थिरांक C इंटिग्रेशन केल्याच ओळीत लिहायचा. तो शेवटी जोडायची सवय असेल तर ती आधी मोडा. −1/y = x² लिहून, उलटं करून, मग y = −1/x² + C केलं तर ते या समीकरणाचं उत्तरच राहत नाही. आपल्या उदाहरणात ही चूक लगेच उघडी पडते, कारण x = 0 घालायला गेलं की छेदात शून्य येतं. दुसऱ्या गणितात ती इतक्या सहज सापडेलच असं नाही. उदाहरणार्थ dy/dx = xy मध्ये लॉग काढल्यावर स्थिरांक y ला गुणणारा होतो, बेरजेत राहत नाही, आणि तिथे उशिरा जोडलेला C दिसायला अगदी साळसूद असतो.

अट घालायची ती y मोकळा करण्याआधी. x = 0, y = 1/4 ठेवलं की −4 = 0 + C, म्हणून C = −4. मग −1/y = x² − 4, चिन्हं बदलून 1/y = 4 − x², आणि शेवटी y = 1/(4 − x²). आधी y मोकळा करून नंतर अट घातली तरी उत्तर तेच येतं, फक्त आकडेमोड वाढते आणि चिन्ह चुकायला आणखी एक जागा मिळते.

यानंतर ताळा, आणि त्याचे भाग दोन. पहिला अटीचा: x = 0 घातलं की 1/4 येतं, ठीक. पुष्कळ जण इथेच थांबतात. समजा कुणी ऋण चिन्ह विसरलं आणि त्याचं उत्तर y = 1/(4 + x²) आलं. तेही x = 0 ला 1/4 च देतं. इतकंच नव्हे, x = 0 ला दोन्ही वक्रांचा चढ शून्य आहे आणि समीकरणही तिथे शून्यच मागतं. त्या एका बिंदूवर कितीही तपासलं तरी चुकीचं उत्तर पास होतं.

म्हणून दुसरा भाग: उत्तराचं डिफरन्शिएशन करून मूळ समीकरणात ठेवायचं. y = 1/(4 − x²) चं डेरिव्हेटिव्ह 2x/(4 − x²)² येतं, आणि 2xy² सुद्धा तेवढंच. जुळलं. चुकीच्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह −2x/(4 + x²)² येतं, समीकरण मात्र +2x/(4 + x²)² मागतं. वेळ नसेल तर निदान x = 1 वर बघा. बरोबर उत्तरात y = 1/3, समीकरणाप्रमाणे चढ 2/9, आणि डेरिव्हेटिव्हही 2/9. त्याहून झटपट खूण हवी तर समीकरणाकडेच पाहा: x धन असताना 2xy² ऋण होऊच शकत नाही, म्हणजे वक्र उजवीकडे चढला पाहिजे. 1/(4 + x²) उतरतो. ताळा करताना मूळ समीकरणच घ्या, आपण मांडलेली मधली ओळ नको. मांडणीतच चूक असेल तर ती मधल्या ओळीशी बिनबोभाट जुळते.

राहिला उत्तराचा पल्ला. 4 − x² शून्य होतं x = 2 आणि x = −2 ला. x = 1.9 ला y साधारण 2.56 आहे, x = 1.99 ला 25 च्या पुढे, आणि 2 जवळ आला की त्याला धरबंध राहत नाही. x = 3 घातलं तर सूत्र −1/5 देतं, पण x = 0 पासून निघालेला वक्र तिथे पोचतच नाही. सूत्राचा तो तुकडा समीकरण पाळतो, तरी आपल्या अटीशी त्याचा संबंध नाही. म्हणून उत्तरात y = 1/(4 − x²) सोबत −2 < x < 2 हेही लिहा.

हा पल्ला नुसत्या समीकरणाकडे बघून सांगता येत नाही, तो अटीवर ठरतो. अट y = 1 अशी असती तर उत्तर 1/(1 − x²) आणि पल्ला −1 पासून 1 पर्यंतच. अट y = −1/4 असती तर C = 4, उत्तर y = −1/(x² + 4), आणि छेद कुठेच शून्य होत नसल्यामुळे ही उकल x च्या प्रत्येक किमतीला चालते.