चोवीस लाखांत बारा नव्हे, आठ वर्ग: आमच्या शाळेच्या डिजिटल वर्गखोल्यांचं अंदाजपत्रक

इंदूरच्या जुन्या वस्तीतली, मराठी मंडळींच्या संस्थेची आमची शाळा. सहावी ते दहावीचे वर्ग आणि प्रयोगशाळा मिळून बारा खोल्या, साधारण ४८० मुलं. मी तिथे संगणक शिकवते. संस्थेने डिजिटल वर्गांसाठी २४ लाख रुपये मंजूर केले आणि त्याचं अंदाजपत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. याआधी मी कधी वीस हजारांच्या वरचं बिलही पाहिलं नव्हतं. ज्यांच्याकडे असंच काम अचानक आलं असेल, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिलं कोटेशन हातात आलं तेव्हा सगळं सोपं वाटलं. ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, १ लाख १० हजार, त्याच्या मागे खोचायचा छोटा संगणक, ज्याला ओपीएस म्हणतात, तो ३५ हजार, भिंतीवर बसवणं ५ हजार. झाले दीड लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून खोलीमागे १ लाख ७७ हजार. बारा खोल्यांचे २१ लाख २४ हजार, म्हणजे पावणेतीन लाख शिल्लक! कार्यकारिणीत सगळ्यांचे चेहरे खुलले. जीएसटीबद्दल एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: शाळेची शिकवणी करमुक्त असल्यामुळे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट शाळेला मिळत नाही. तो पूर्ण खर्चच धरायचा.

मग मी एकच खोली घेतली आणि पॅनेल तिथे प्रत्यक्ष चालायला काय काय लागेल ते लिहीत गेले. मेन बोर्डापासून वेगळी वायर, एमसीबी आणि सॉकेट मिळून १२ हजार. एक केव्हीएचा यूपीएस ८ हजार. नेटवर्कचा पॉइंट ४ हजार. पडदे आणि फळा सरकवणं ६ हजार. हे तीस हजार कोटेशनमध्ये कुठेच नव्हते. खोलीचा खरा आकडा २ लाख ७ हजार झाला आणि बारा खोल्यांचा २४ लाख ८४ हजार. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि देखभाल यांचा एक रुपयाही न धरता आम्ही मंजूर रकमेच्या पुढे गेलो होतो.

त्याच आठवड्यात महाराणी रोडवरून वायरमन बोलावला. त्याने मीटरची एक पिन सॉकेटच्या न्यूट्रलमध्ये आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. आकडा आला ३८ व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या खाली असायला हवा. "मैडम, अर्थिंग तो बस नाम की है," तो म्हणाला. इमारतीच्या मागे जाऊन पाहिलं तर अर्थिंगच्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटलेली. अशा जोडणीवर पॅनेल लावलं तर धातूच्या कडेला हात लागताच झिणझिण्या येतात, ओपीएस मध्येच बंद पडतो, आणि पावसाळ्यात वीज कडाडली की आतल्या भागांचं काय होईल सांगता येत नाही. वॉरंटीच्या कागदावर असं नुकसान बहुतेक वेळा वगळलेलं असतं. दोन नवे खड्डे, मेन बोर्डावर सर्ज प्रोटेक्टर, जाड केबल आणि नेटवर्कचा स्विच मिळून दीड लाखाचा खर्च निघाला. नंतर तोच मीटर लावला तेव्हा दीड व्होल्ट आला. तुम्ही कोटेशन मागवायच्या आधी ही दोन मिनिटांची चाचणी प्रत्येक खोलीत करून घ्या आणि आकडे वहीत लिहून ठेवा.

आता हिशेब पुन्हा मांडला. बाराऐवजी आठ खोल्या, तीन वर्षांत दोन, तीन आणि तीन अशा. खोल्यांचे १६ लाख ५६ हजार, सामायिक विजेचे आणि नेटवर्कचे दीड लाख, प्रशिक्षणाचे २ लाख ७० हजार, देखभालीचे २ लाख ७० हजार. एकूण २३ लाख ४६ हजार, आणि ५४ हजार अडीअडचणीला. वर्षवार पाहिलं तर पहिल्या वर्षी ७ लाख २० हजार, दुसऱ्या वर्षी ८ लाख १ हजार, तिसऱ्या वर्षी ८ लाख २५ हजार. पहिल्या वर्षी खोल्या दोनच असूनही खर्च फारसा कमी नाही, कारण सामायिक काम आणि प्रशिक्षणाचा मोठा भाग सुरुवातीलाच येतो. कार्यकारिणीला हे आधी समजावून सांगावं लागतं, नाहीतर "दोन खोल्यांना सात लाख?" हा प्रश्न येणारच. आमच्याकडे तो कोषाध्यक्ष काकांनी विचारला, आणि मी उत्तराला मीटरचा तो ३८चा आकडा दाखवला.

पहिल्या दोन खोल्या मुद्दाम वेगवेगळ्या निवडल्या, एक पूर्वेकडची, एक पश्चिमेकडची. त्याचा फायदा जुलैतच दिसला. पश्चिमेच्या खोलीत शेवटच्या तासाला पॅनेल आपोआप रेघा मारायला लागलं, पानं उलटायला लागलं. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, टचची चौकट खराब आहे, बदलावी लागेल. पण सकाळी सगळं ठीक चालायचं, म्हणून मला शंका आली. या पॅनेलच्या कडेतून इन्फ्रारेड किरणांची जाळी काचेवरून जाते आणि बोट आडवं आलं की स्पर्शाची जागा कळते. तिरपं ऊन थेट त्या कडेवर पडलं की तिला बोटाचा भास होतो. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी आणि शिपाई भाऊंनी खिडकीवर चादर धरली आणि रेघा थांबल्या. चौकट बदलायची गरजच नव्हती. त्या खोलीतला पातळ पडदा बदलून जाड लावला. दुसऱ्या टप्प्यात भिंत निवडण्याआधी प्रत्येक खोलीत दुपारी चारला जाऊन ऊन कुठे पडतं ते खडूने आखलं. बाराही खोल्या एकदम घेतल्या असत्या तर पश्चिमेच्या निम्म्या खोल्यांत हाच गोंधळ झाला असता.

प्रशिक्षणाबद्दल सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण अंदाजपत्रकातून पहिल्यांदा हीच ओळ कापली जाते. पुरवठादार दोन तासांचं प्रात्यक्षिक मोफत देतो आणि कोटेशनवर "प्रशिक्षण समाविष्ट" असं लिहितो. त्यात बटणं कळतात, तास कसा घ्यायचा ते कळत नाही. शिक्षकाला लागतो तो वेळ, आणि शाळेत वेळ म्हणजे कोणीतरी दुसऱ्याने त्याचा तास घेणं. आमचे पहिल्या वर्षीचे १ लाख २० हजार असे गेले: आठ शिक्षकांना आठवड्याला दोन तास मोकळे दिले आणि ते तास घ्यायला बाहेरून आलेल्यांना तासाला १५० रुपये, २५ आठवड्यांचे ६० हजार. एका शिक्षकाकडे समन्वयाचं काम, महिना ४ हजारांप्रमाणे दहा महिन्यांचे ४० हजार. बाहेरच्या प्रशिक्षकाची चार सत्रं, २० हजार. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. आठवड्याला दोन तास, २५ आठवडे, म्हणजे नेमके तेवढेच तास होतात. कार्यकारिणीला हा हिशेब लगेच पटला.

त्या मोकळ्या तासांत काय झालं, त्याचं एक उदाहरण देते. गणिताच्या बाई निवृत्तीला चार वर्षं राहिलेल्या. पहिल्या महिन्यात त्या पॅनेलवर फक्त पाठ्यपुस्तकाचं पान उघडत. मग जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर वर्तुळातला कोन कसा ओढायचा ते शिकल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात परिघावरचा बिंदू सरकवला आणि मुलांना विचारलं, "कोन बदलला का?" मुलं कोनाचा आकडा बघत राहिली, तो हलेना. बाई स्वतःच मला सांगायला आल्या. तीन मोकळे तास गेले होते त्या एका उदाहरणाला.

दुसऱ्या टप्प्याचे पैसे सोडायची अट आम्ही आधीच लिहून ठेवली: प्रत्येक खोली आठवड्याला किमान १५ तास वापरात असावी, किमान पाच शिक्षकांकडून, आणि बिघाड दोन दिवसांत दुरुस्त व्हावा. त्यासाठी दाराशी साधी वही, त्यात विषय आणि काय वापरलं ते एका ओळीत. सप्टेंबरला आकडा ९ होता, आणि त्यातले बहुतेक तास नुसते व्हिडिओ दाखवण्याचे. जानेवारीत तो २२ झाला. अट पूर्ण झाली नसती तर पुढची तीन पॅनेल थांबवून तेवढे पैसे प्रशिक्षणात वळवायचे, हेही ठरावात होतं.

देखभालीसाठी दर खोलीमागे वर्षाला १८ हजार, म्हणजे पॅनेल आणि ओपीएसच्या करासकट किमतीच्या साधारण दहा टक्के, पहिल्याच वर्षापासून वेगळ्या खात्यात टाकले. "वॉरंटी आहे ना तीन वर्षं, मग आत्ता कशाला?" असं सगळ्यांनी विचारलं. पण आमच्या पॅनेलची वॉरंटी तीन वर्षांची होती आणि ओपीएसची एकच वर्षाची. वॉरंटी संपते तेव्हा त्या टप्प्यातल्या सगळ्या खोल्यांना एकदम पैसे लागतात, ते आधी साठलेले असावे लागतात. तिसऱ्या वर्षापासून आठ खोल्यांचे वर्षाला १ लाख ४४ हजार होतात, म्हणजे एका मुलामागे ३०० रुपये. हा खर्च कायमचा आहे, शाळेच्या नेहमीच्या अंदाजपत्रकात त्याला ओळ हवी. सरकारी आणि अनुदानित शाळांसाठीच्या समग्र शिक्षा योजनेतही संगणक कक्षाला एकदाच ६ लाख ४० हजारांपर्यंत आणि त्यापुढे पाच वर्षं दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत अशी रचना आहे. म्हणजे चालू खर्चाचे १२ लाख, जवळजवळ दुप्पट. हा दाखला मी कोषाध्यक्ष काकांपुढे ठेवल्यावर वेगळं खातं उघडलं गेलं.

कोटेशन तपासताना "पहिल्या वर्षी मोफत" लिहिलेल्या ओळीपाशी थांबा. आमच्याकडे पाठांच्या संचासमोर तसं लिहिलं होतं. विचारल्यावर कळलं की दुसऱ्या वर्षापासून खोलीमागे १५ हजार. आठ खोल्यांचे सव्वा लाखाच्या घरात, दरवर्षी. आम्ही तो संच घेतला नाही. दीक्षा पोर्टलवरचे पाठ मोफत आहेत आणि आधी उतरवून ठेवले तर इंटरनेट नसतानाही चालतात. बिलाची शेवटची १० टक्के रक्कम तीन महिने चालल्यावरच द्यायची, हीही अट करारात घाला. तेवढ्यासाठी पुरवठादार फोन उचलतो.

वेळापत्रकही पैशाइतकंच सांभाळावं लागतं. आमच्याकडे सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मे महिन्यात सुट्टी. ऑर्डर मार्चच्या आत, विजेचं काम मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात, पॅनेल त्यानंतर, आणि जूनमध्ये मुलं येण्याआधी शिक्षकांचे चार दिवस. पहिल्या वर्षी आमचं विजेचं काम जूनवर गेलं आणि भिंती खोदताना उडालेली धूळ नव्या पॅनेलच्या कडेत बसली, ती मऊ ब्रशने काढण्यात दोन दिवस गेले.

आता तिसरं वर्ष चालू आहे. पहिल्या दोन यूपीएसच्या बॅटऱ्या यंदाच्या मेमध्ये बदलल्या. लाइट गेल्यावर पंधरा मिनिटांऐवजी तीनच मिनिटं टिकायला लागल्या तेव्हा कळलं. नव्या बॅटऱ्यांवर शिपाई भाऊंनी मार्करने तारीख लिहिली आहे, आणि माझ्या वहीत दुसऱ्या टप्प्यातल्या तीन खोल्यांसमोर पुढचा मे महिना लिहून ठेवला आहे.