नखावरचा काळा डाग: रक्त की रंग?

नखावर काळसर डाग दिसला की आधी आठवा, बोट दारात सापडलं होतं का? साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याहून बरंच हळू. म्हणून आजच फोटो काढा आणि नखाच्या मुळापासून डागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. महिन्याने ते वाढलं आणि मागे स्वच्छ नख आलं, तर बहुधा ते रक्तच.

मुळापासून टोकापर्यंत सलग रेघ असेल तर मात्र तो बहुतेक शरीरातच तयार होणारा, त्वचेला असतो तसा रंग असतो. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांवर अशा फिकट रेघा असतात, त्यांना घाबरू नका. बी-१२ कमी झाल्यावरही त्या येतात. पण मोठेपणी एकाच नखावर, त्यातही अंगठ्यावर, नव्याने उमटलेली आणि रुंदावत जाणारी रेघ वेगळी. काळेपणा मुळाजवळच्या कातडीत उतरला असेल, तर मेलानोमा हा कर्करोग असू शकतो. तिथे महिनाभर वाट पाहू नका. नेलपॉलिश काढून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते डर्मोस्कोप या दिव्याच्या भिंगाने रेघ पाहतात आणि शंका वाटली तर नखाच्या मुळातला तुकडा तपासायला पाठवतात.