आप्पांचा एक लाखाचा रोखा 95 हजारांवर का आला?

सांगलीच्या एका सहकारी बँकेत मी गुंतवणूक विभागात रुजू झाले, तेव्हा बी.कॉम.च्या जोरावर मला वाटायचं की रोखा म्हणजे सरकारकडची एफडी. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी विचारलं, "व्याजदर वाढले तर आपल्या जुन्या रोख्यांचं काय होईल?" मी ठासून सांगितलं, "भाव वाढेल, व्याज वाढलं ना!" ते काहीच बोलले नाहीत, नुसते हसले. या विभागात नव्यानं येणारी बहुतेक मंडळी हेच उत्तर देतात, म्हणून इथूनच सुरुवात करते.

मला ते खरं समजलं आप्पांमुळे. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. हळदीचे पैसे आले होते, त्यातले एक लाख त्यांनी जानेवारी 2022मध्ये रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट या ऑनलाइन खात्यावरून सरकारी रोख्यात घातले. रोख्याचं नाव `6.54% GS 2032`. नावातच सगळं आलं: सरकार दर लाखाला वर्षाला 6,540 रुपये देणार, तेही 3,270चे दोन हप्ते करून, जानेवारी आणि जुलैत, आणि 17 जानेवारी 2032ला मूळ लाख परत. रोखा म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाची पावती. फरक एवढाच की ही पावती मुदतीआधी दुसऱ्याला विकता येते. एफडी मोडायला आपण बँकेत जातो. रोखा मोडता येत नाही, त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं. आणि गिऱ्हाईक आलं की भाव आला.

त्याच वर्षी 4 मे रोजी रिझर्व्ह बँकेनं रेपो दर अचानक 4 वरून 4.40 टक्क्यांवर नेला. मग तो वाढतच गेला, आणि त्याबरोबर नव्या रोख्यांवरचं व्याजही चढलं. ऑगस्टमध्ये सरकारनं दहा वर्षांचा नवा रोखा काढला, त्यावर व्याज 7.26 टक्के. नेमकं तेव्हाच आप्पांना बोअर मारायची होती. भाव बघून ते थेट आमच्या घरी आले.

"पोरी, सरकारी हाय म्हणालीस. मग माझं पाच हजार गेलं कुठं?"

मी कागद घेतला. "आप्पा, तुमच्याकडं लाख रुपये असते, तर आज वर्षाला 7,260 देणारा नवा रोखा घेतला असता, का 6,540 देणारा जुना?"

"नवाच की."

"मग जुना कोण घेईल?"

"स्वस्तात दिला तर घेईल."

उत्तर त्यांनीच दिलं होतं. जुन्या रोख्यावरचं व्याज छापील आहे, त्यात एक पैसाही बदलत नाही. बदलू शकतो तो फक्त भाव. म्हणून कमी व्याजाची भरपाई भावातून होते.

किती स्वस्तात? दर सहामाहीला 360 रुपये कमी, आणि असे 19 हप्ते शिल्लक. गुणाकार केला तर 6,840 होतात. पण भाव तेवढा पडत नाही, आणि नवखे इथेच अडकतात. शेवटचे 360 गिऱ्हाइकाला 2032मध्ये कमी मिळणार आहेत. आज त्याच्या निम्म्याच्या आसपास रक्कम 7.26 टक्क्यांनी गुंतवली, तरी तोवर तिचे 360 होतात, म्हणून त्यांची आजची किंमत तेवढीच. प्रत्येक हप्ता असा आजच्या दरानं मागं आणला की बेरीज सुमारे 4,880 येते. एक्सेलमध्ये हे एका ओळीत होतं:

```
=PV(7.26%/2,19,-6.54/2,-100)
```

उत्तर 95.12, म्हणजे लाखाला 95,120. आमच्या विभागात मुलाखतीला आलेल्यांनी हे सूत्र तोंडपाठ केलेलं असतं, पण दर आणि मुदत दोन्ही सहामाहीत मोजायची हे विसरतात. मग आकडा चुकतो, आणि चुकल्याचं कळतही नाही, कारण तो जवळपासच येतो.

आता हाच रोखा संपायला एकच वर्ष उरलंय असं धरा. दोनच हप्ते कमी पडणार, म्हणून भाव 99.32. दर तेवढाच चढला, तरी लाखाला पाच हजारांऐवजी सातशेसुद्धा गेले नाहीत. म्हणून लांब मुदतीचा रोखा दराच्या धक्क्यानं जास्त हलतो. आता मी कुठलीही यादी हातात घेतली की आधी मुदतीचा रकाना बघते, व्याजाचा नंतर.

आप्पा कागदाकडं बघत राहिले. "आणि 2032पर्यंत ठेवला तर?"

"पूर्ण लाख मिळतील."

"मग तोटा नाहीच की!"

आमच्या बँकेतही मुदतीपर्यंत ठेवायचे रोखे वेगळे लिहितात, आणि त्यांचा पडलेला भाव तोट्यात धरत नाहीत. पण आप्पा थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "म्हंजे आज विकला तर एका दमात जातंय, नाहीतर दर सहा महिन्याला 360."

त्यांनी रोखा विकला नाही. बोअर उसाच्या बिलावर ढकलली.