पेरणीआधी फाटकाला तिरपी मारा

मृगाचा पाऊस तोंडावर आलाय आणि निम्म्या शेतांची फाटकं कडीच्या बाजूने जमिनीवर टेकलेली आहेत. चिखल झाला की असं फाटक ओढवत नाही, मग गडी ते हातभर उघडंच सोडतो. गेल्या साली आमच्या शेजारच्या शिवारात मोकाट गुरांनी एकरभर मका अशाच फटीतून खाल्ला. कुंपण मात्र धड होतं.

दुकानदार म्हणेल जाड पाइप घ्या, मोठ्या बिजागऱ्या घ्या. फाटक जड झालं की आणखी लोंबतं. दुखणं वेगळंच आहे. चार काड्या टोकाशी एकेक खिळा मारून जोडा आणि ढकला: एकही काडी न वाकता चौकोन तिरका होतो, कारण बाजू तेवढ्याच राहून कोपरे फिरतात. तीन काड्यांत कोपरा फिरवायचा तर एखादी काडी लांब किंवा आखूड व्हावी लागते, आणि ती होत नाही. म्हणून त्रिकोण हलत नाही. फाटकात कर्णावर तिरपी टाकली की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात.

पण कोणता कर्ण? इथेच निम्मे लोक चुकतात. समजा फाटक 10 फूट रुंद, 4 फूट उंच आहे. दोन्ही कर्ण साधारण 10 फूट 9 इंच भरतात. कडीची बाजू 6 इंच खाली आली की वरच्या बिजागरीपासून कडीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण सव्वादोन इंच वाढतो आणि दुसरा जवळपास तेवढाच घटतो. वाढणाऱ्या कर्णावर तार लावा, ती ताण धरते. लाकडी वासा घटणाऱ्यावर लावा, म्हणजे खालच्या बिजागरीपासून कडीकडच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. तो दाब धरतो. तार उलट्या कर्णावर लावली तर फाटक लोंबताच ढिली पडते. लोखंडी अँगल दोन्हीकडे चालतो, पण बारीक पट्टी दाबाखाली वाकते.

आधी फाटकाखाली विटा देऊन दोन्ही कर्ण सारखे करा, मगच तिरपी ठोका. तार दुहेरी घेऊन मध्ये काडी घालून पीळ द्या. माझा अंदाज असा की पहिल्या पावसानंतर पीळ पुन्हा द्यावा लागतोच.

कर्ण सारखे असूनही फाटक घासत असेल तर बिजागरी ढिली आहे किंवा खांब कलला आहे. काळ्या जमिनीत हे नेहमीचं. त्या खांबाच्या डोक्यापासून कुंपणाच्या पुढच्या खांबाच्या बुंध्यापर्यंत तार ताणा, तोही त्रिकोणच.

बाकी कामं:
- चर मोकळे करा.
- सोयाबीनची उगवण तपासा, 70 टक्क्यांखाली असेल तर बियाणं वाढवा.
- 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका.

आज संध्याकाळी टेप घेऊन फाटकाचे कर्ण मोजा. इंचभर फरक निघाला तरी वैरणीच्या फेऱ्या थांबवून आधी ते काम उरका, कारण चिखलात फाटकाखाली विटाही बसत नाहीत.