हिरो सेक्शनसाठी आयसोमेट्रिक चित्र सांगताना

इंदूरच्या शेवेच्या डब्याचं चित्र वेबसाइटच्या हिरो सेक्शनमध्ये, म्हणजे पान उघडताच वर दिसणाऱ्या मोठ्या भागात हवंय, तर चित्रकाराला नुसतं ‘आयसोमेट्रिक थ्रीडी’ सांगून भागत नाही. त्याने डबा थोडा तिरपा फिरवला, की हातात साधं पर्स्पेक्टिव्हच येतं. म्हणून कॅमेरा आधी लिहा: ऑर्थोग्राफिक, आडव्या कडा 30 अंशांवर, उभ्या कडा सरळ उभ्या, लांब जाणाऱ्या रेषा एकमेकींकडे न झुकणाऱ्या. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कॅमेऱ्याचं रोटेशन X 54.736, Y 0, Z 45 अंश.

डबा गोल असेल तर तपासणी झाकणावर करा. झाकण 300 पिक्सेल रुंद दिसत असेल, तर उंची साधारण 173 पिक्सेल भरली पाहिजे. ती 100च्या आसपास निघाली, तर कॅमेरा खाली उतरलाय.

मग प्रकाश. दिवा एकच, वरून डावीकडून. वरची बाजू सर्वांत उजळ, डावी मध्यम, उजवी गडद. चकाकी नको, सावली मऊ आणि एकाच दिशेला. ‘क्लीन’ दिसतं ते यामुळे. शेवेचा प्रत्येक तुकडा काढायला लावू नका. मोबाइलवर त्याचा नुसता पिवळा गिचका होतो. दहाबारा जाड काड्या पुरेत.

पार्श्वभूमी पारदर्शक मागा, पण सावली वेगळ्या लेयरवर.