अप्लाय केल्यावर जेडी म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन बदललेला दिसला तर
अप्लाय करताना रिमोट लिहिलेलं आणि आता त्याच पोस्टमध्ये आठवड्यातले ३ दिवस ऑफिस दिसतंय, तर इंटरव्ह्यूची वाट न बघता आधी एचआरला मेल टाका. फोनवर नको, उत्तर लेखी हवं. अप्लाय करतानाच जेडीची पीडीएफ सेव्ह केलेली असेल तर ती जोडा (नसेल तर जॉब अलर्टच्या जुन्या मेलमध्ये कधीकधी जुना मजकूर सापडतो). ‘जाहिरात का बदलली’ असं विचारलं की समोरचा बचावात जातो, त्यापेक्षा सरळ लिहा, ‘मी अप्लाय केलं तेव्हा रोल रिमोट होता, आता हायब्रिड दिसतोय, माझ्या अर्जाला यातलं कोणतं लागू आहे?’ जॉब आयडीही टाका, कारण कधीकधी ती वेगळीच ओपनिंग निघते. तोंडी ‘बघू, अ‍ॅडजस्ट होईल’ म्हणाले तर ते ऑफर लेटरमध्ये येईपर्यंत हायब्रिडच धरा.